पायाखालचे ७५ मिलिमीटर: अंडरपिनिंगमधल्या या चुका टाळा

एका दुमजली विटांच्या घराची बाजूची भिंत खचत होती, म्हणून तिच्या जुन्या पायाखाली तुकड्यातुकड्याने नवं काँक्रीट भरलं गेलं. यालाच अंडरपिनिंग म्हणतात, आणि एका वेळी खणायच्या अशा प्रत्येक तुकड्याला खण. काम संपून वर्ष व्हायच्या आत जुन्या भेगा त्याच जागी पुन्हा उघडल्या. मला पाहायला बोलावलं, तेव्हा भिंतीलगत खड्डा घेऊन आम्ही नव्या काँक्रीटपर्यंत पोचलो. ते घट्ट मुरमावर व्यवस्थित बसलं होतं, हातोडी मारली की खणखणीत वाजत होतं. पण त्याचा माथा आणि जुन्या पायाचा तळ यांच्या मधल्या फटीत माझी पोलादी पट्टी घातली, तर ती मनगट टेकेपर्यंत आत गेली. भिंत त्या काँक्रीटवर कधी टेकलीच नव्हती. आजूबाजूच्या जमिनीवर भार टाकत ती खाली येत राहिली होती, आणि फट मिटेपर्यंत येतच राहणार होती.

खोदाई, काँक्रीट, त्याची ताकद याची काळजी सगळेच घेतात. घोटाळा होतो तो त्या शेवटच्या बोटभर जागेत आणि खण उघडण्याच्या घाईत, म्हणून या दोन गोष्टींवरच जास्त बोलतो.

काँक्रीट थेट पायाला भिडवणं

वरवर पाहता हे सोपं वाटतं: खड्डा खणा, काँक्रीट ओता, ते जुन्या पायाला लागेपर्यंत भरत न्या. पण ओलं काँक्रीट ओतल्यावर थोडं खाली बसतं, त्यातलं पाणी वर येतं, आणि पुढे सुकताना ते आणखी आकसतं. जुन्या पायाचा तळ खडबडीत असतो, त्याच्या खोबणींत हवा अडकते ती वेगळीच. ओतताना भरलेलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी वर बारीक फट पडलेली असते. पुढून फळी लावलेली असल्यामुळे ती कोणाला दिसतही नाही.

म्हणून काँक्रीट जुन्या तळाच्या साधारण ७५ मिलिमीटर खाली थांबवायचं आणि त्याचा माथा सपाट ठेवायचा. मग त्याला निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस बसू द्यायचं. त्यानंतर उरलेल्या जागेत कोरडा मसाला ठासायचा, ज्याला साईटवर ड्राय पॅक म्हणतात. एक भाग सिमेंट, तीन भाग जाड वाळू आणि अगदी जेमतेम पाणी. मसाला मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण तळहातावर पाणी दिसता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी आहे. हात ओला झाला तर जास्त आहे आणि तो मसालाही काँक्रीटसारखाच आकसणार.

ठासायचं काम मागून पुढे यायचं. ६०० मिलिमीटर रुंद पायाखाली सर्वात आतला थर आधी घ्या. जाड लाकडाचा ठोकळा किंवा पहारीचं चपटं टोक लावून त्यावर हातोडा हाणा. ठोकळा उसळी मारायला लागला आणि आवाज बोदा न राहता टणक झाला, की तो थर बसला. मगच त्याच्यापुढचा थर. थापीने तोंडाशी मसाला लावून गुळगुळीत केलेलं काम बाहेरून फार छान दिसतं आणि आत पोकळ असतं. मी पाहिलेल्या खणांमध्ये नेमकं हेच झालं होतं. पुढचा चार बोटांचा मसाला पक्का, मागे मोकळी हवा.

जागा किती ठेवायची यातही लोक चुकतात. २०-२५ मिलिमीटरच ठेवली तर आत ठोकळा जात नाही, ठासणार काय? दीडशेच्या वर गेली तर मसाल्याचा थर जाड होतो, नीट दाबला जात नाही. ५० ते १०० मिलिमीटरमध्ये हात चालतो. पाया फारच रुंद असेल आणि मागपर्यंत ठासता येत नसेल, तर न आकसणारा पातळ ग्राउट पुढून उंची देऊन ओततात. मात्र त्याची फळी पाणी न गळणारी हवी.

आणखी एक साधी गोष्ट. ठासण्यापूर्वी जुन्या पायाच्या तळाला चिकटलेली माती पूर्ण खरवडून काढा, सुटे दगड पाडून टाका. तिथे बोटाच्या पेराएवढा चिकणमातीचा थर राहिला, तर खालचा मसाला कितीही पक्का असला तरी वरचा भार आधी ती माती पिळून काढतो आणि भिंत तेवढी खाली येते.

शेजारचे खण लागोपाठ उघडणं

दुसरी चूक पहिलीपेक्षा धोक्याची आहे, कारण तिचा परिणाम काम चालू असतानाच दिसतो.

एक भिंत घेऊ. लांबी १२ मीटर, पाया ६०० मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक मीटरवर साधारण ६ टन भार. म्हणजे पायाखाली दर चौरस मीटरला १० टन दाब आहे. १.२ मीटरचा एक खण उघडला, की त्यावरचे ७.२ टन विटांच्या अंगच्या कमानीतून दोन्ही बाजूंना जातात, प्रत्येक बाजूला ३.६ टन. ते शेजारच्या १.२ मीटरवर पसरले असं धरलं, तर तिथला दाब १० वरून १५ टनांवर जातो. थोड्या काळासाठी बहुतेक जमीन हे सोसते. पण त्याला लागून दुसरा खणही उघडला, तर मोकळी जागा २.४ मीटर होते आणि दोन्ही बाजूंचा दाब २० टनांवर, म्हणजे दुपटीवर जातो. जी जमीन आधीच दमल्यामुळे भिंत खचत होती, तिच्यावर आपण हे लादतो. शिवाय एवढ्या रुंदीवर जुन्या विटांची कमान टिकेल याची खात्री नसते. हा हिशोब ढोबळ आहे, पण मुकादमाला समजावायला पुरतो.

म्हणून त्या भिंतीचे १० खण करायचे आणि काम सुरू होण्याआधी रंगाने भिंतीवर फेरीचा आकडा लिहायचा. डावीकडून उजवीकडे असा:

१ – ३ – ५ – २ – ४ – १ – ३ – ५ – २ – ४

पहिल्या फेरीत पहिला आणि सहावा खण उघडतो, दुसऱ्या फेरीत चौथा आणि नववा, तिसऱ्यात दुसरा आणि सातवा, चौथ्यात पाचवा आणि दहावा, शेवटी तिसरा आणि आठवा. एका वेळी १२ पैकी २.४ मीटर, म्हणजे भिंतीचा पाचवा भाग मोकळा. लागोपाठच्या दोन फेऱ्यांतले खण कधीच एकमेकांना लागून येत नाहीत, त्यामुळे शेजारी खोदाई सुरू होईपर्यंत आधीच्या खणाला मधल्या एका अख्ख्या फेरीएवढा वेळ मिळतो. भिंत कमजोर असेल, चुना खिरलेला असेल, तर खण मीटरभराचे किंवा त्याहून लहान करा आणि एका वेळी एकच उघडा.

कागदावर हा क्रम सगळे लिहितात. मोडतो तो साईटवर. दुसऱ्या फेरीचा खड्डा पाण्याने भरला, माणसं रिकामी बसली, मग "तोवर पलीकडचा घेऊ" असं होतं. पलीकडच्या खणाच्या शेजारच्यात काँक्रीट असतं, पण वरचा मसाला ठासायचा राहिलेला असतो. अशा खणाला मी उघडा खणच समजतो. मसाला ठासून निदान २४ तास, शक्यतो ४८ तास झाल्याशिवाय तो भार घेतो असं धरू नका.

कोपऱ्याचा खण दोन्ही भिंतींच्या हिशोबात धरायचा. तो उघडा असताना दुसऱ्या भिंतीचा कोपऱ्याजवळचा खण बंद हवा. खिडक्यांच्या मधल्या अरुंद खांबाखाली भार एकवटलेला असतो, म्हणून तिथे उघडण्याआधी खिडक्यांच्या चौकटी टेकू लावून आवळून घ्या. इथे मला खरंच कळकळीने सांगावंसं वाटतं: पायाखाली वाकून काम करणारा माणूस भिंतीच्या खाली असतो. खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि आडवे धीरे दिल्याशिवाय, आणि पायाच्या तळाचे सुटे दगड काढल्याशिवाय त्याला आत पाठवू नका.

खड्डा रात्रभर उघडा ठेवणं

चिकणमातीचा तळ सकाळी पहारीला दाद देत नाही आणि रात्रीतून पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी बुटाखाली लोण्यासारखा होतो. त्यावर काँक्रीट टाकलं, तर भार आल्यावर तो मऊ थर दबतो. त्याच दिवशी काँक्रीट होणार नसेल, तर शेवटचे १०० मिलिमीटर खोदायचे राहू द्या आणि ओतायच्या आधी काढा. नाहीतर तळ तपासून झाल्यावर लगेच पातळ काँक्रीटचा थर टाकून तो झाका.

पाण्याखालच्या बारीक वाळूत मात्र ही पद्धत रेटू नका. पंप लावला की पाण्याबरोबर वाळूही येते, आणि ती शेजारच्या, अजून न उघडलेल्या खणाखालून येते. पंपातून गढूळ पाणी येत असेल आणि खड्डा खोल न होता रुंद होत असेल, तर पंप बंद करा आणि खड्डा परत भरा. इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलच्या पायाखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर आणि पाणी होतं. तिथे १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर या पाणबुड्याने काळोख्या पाण्यात उतरून, हाताने चाचपडत, तळाशी काँक्रीटची पोती रचली. त्यामुळे खालून येणारं पाणी अडलं, आणि मगच पाणी उपसून गवंड्यांना वरचं काम करता आलं. आधी पंप लावला असता तर पाण्याबरोबर माती निघून भिंतींनाच धोका होता. आज अशा जागी बहुधा जमिनीत खोल जाणारे बारीक खांब, म्हणजे पाइल, घेतले जातात.

फक्त भेगेखालचाच तुकडा उचलणं

भेग एका कोपऱ्यात आहे म्हणून तेवढाच कोपरा दोन मीटर खोल नेला, तर घराचा तो भाग अचल होतो आणि बाकीचं घर ऋतूनुसार हलत राहतं. मग नवी भेग दोन्हींच्या सांध्यावर येते. अशा वेळी शेवटचे दोन-तीन खण पायरीपायरीने उथळ करत न्यावेत. त्याही आधी भेग अजून वाढते आहे का ते पाहा. दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे ठोकून महिन्याला एकदा अंतर मोजा, आणि हे निदान काही महिने करा. चिकणमाती असेल तर कोरडा आणि ओला असे दोन्ही ऋतू त्यात आले पाहिजेत. जुनं, थांबलेलं खचणं असेल तर भेग बुजवणं पुरतं. फुटलेला ड्रेनेजचा पाइप माती धुऊन नेत असेल, तर तो आधी दुरुस्त करा.

काम झाल्यावर कसं कळेल

नव्या खणांवर भार जाताना भिंत काही मिलिमीटर खाली येते, बारीक केसासारखी भेग पडते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ती हालचाल काही आठवड्यांत मंदावली पाहिजे. काम सुरू होण्याआधी भिंतीवर दर दोन-तीन मीटरला लेव्हलच्या खुणा करून ठेवा. दर फेरीनंतर आणि काम संपल्यावर काही महिने त्या मोजा. एकच खूण बाकीच्यांपेक्षा खाली जात राहिली, तर सगळी भिंत पुन्हा खोदायची गरज नाही. त्या खुणेखालच्या खणासमोर छोटा खड्डा घ्या आणि काँक्रीटच्या माथ्यावर पोलादी पट्टी घालून पाहा. ती आत गेली, तर पुढचा मसाला फोडून काढा आणि मागपासून पुन्हा ठासा.