हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली? या चुका टाळा

बँक बंद म्हणजे हप्ता पण उद्यावर गेला, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. पूर्वी ते खरं होतं, नॅचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापणाऱ्या यंत्रणेची, वजावट फक्त बँका चालू असतील त्याच दिवशी व्हायची. पण 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालू आहे, म्हणजे रविवारी किंवा सणाच्या दिवशीसुद्धा पैसे कापले जाऊ शकतात, आणि खात्यात नसतील तर बाउन्सही होतो. मी स्वतः यात आपटलोय म्हणून सांगतो.

माझा 12,400 चा हप्ता 10 तारखेला. त्या महिन्यात 10 ला रविवार आणि 9 ला दुसरा शनिवार, म्हणजे बँक दोन्ही दिवस बंद. मी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघाल्यावर 15,000 चा चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकला आणि निवांत झालो, कारण डोक्यात हिशोब असा की चेक सोमवारी वटेल आणि हप्ताही सोमवारीच जाईल. झालं उलटं. चेक क्लिअरिंगला गेला सोमवारी, कारण क्लिअरिंगला बँक चालू लागते, पण हप्ता रविवारी सकाळीच मागितला गेला, खात्यात होते 3,100. स्टेटमेंटला ACH रिटर्नचे, म्हणजे नॅचचा हप्ता परत गेल्याचे, चार्जेस माझ्या बँकेचे, शिवाय कर्ज देणाऱ्याचे बाउन्स चार्जेस वेगळे, दोन्हीवर जीएसटी. एका हप्त्याला दोन दंड!

म्हणजे खरी चूक चेक आणि नॅच एकाच कॅलेंडरवर चालतात असं समजण्याची आहे. तुम्ही कोणाला रविवारची तारीख टाकून चेक दिला असेल तर तो सोमवारीच लागणार, पण तसा उशीर नॅचच्या हप्त्याला मिळेल असं समजू नका. त्यामुळे सुट्टी मध्ये आली की पैसे आदल्या वर्किंग डेलाच वटलेले पाहिजेत, नुसते जमा केलेले नकोत. आणि चेक टाकायचा राहिलाच तर दुसऱ्या खात्यातून यूपीआय किंवा एनईएफटी करा, ते सुट्टीच्या दिवशीही चालतं.

बाउन्स झालाच तर त्याच दिवशी कर्जाच्या अ‍ॅपमधून हप्ता भरा, पण आधी कस्टमर केअरला विचारा की ते मॅन्डेट परत लावणार आहेत का, नाहीतर तुम्ही भरता आणि तिकडून दोन दिवसांनी दुसऱ्यांदा कापलं जातं, मग रिफंडसाठी मेलामेली.

क्रेडिट कार्डाच्या बिलात थोडी सूट आहे, ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते. पण हे तीन दिवस कॅलेंडरचे, वर्किंग डे नव्हेत, आणि बिल चेकने भरत असाल तर लाँग वीकेंडमध्ये ते चेक वटायच्या आतच संपतात.