कान ठणकतोय आणि डॉक्टर म्हणतात, "तीन दिवस थांबा"

इंग्लंडला येऊन आता बारा वर्षं झाली. नव्याने आलेल्या आईवडिलांचे फोन नोव्हेंबरपासून सुरू होतात आणि त्यांतले निम्मे एकाच गोष्टीसाठी असतात. पोराला चार दिवस सर्दी होती, काल रात्री कान धरून रडलं, जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, कानात बघितलं, इन्फेक्शन आहे असंही सांगितलं, आणि तरीही अँटिबायोटिक हातात दिलं नाही. किंवा दिलं ते असं: "प्रिस्क्रिप्शन लिहून ठेवते, पण लगेच सुरू करू नका." घरी येऊन आई-बाबा दोघंही हबकलेले असतात. आपल्याला टाळलं, असं वाटतं. मलाही पहिल्या वेळी तसंच वाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे सगळं दोन वर्षांपुढच्या, एरवी धडधाकट मुलांबद्दल आहे. त्याहून लहान बाळाचे, विशेषतः दोन्ही कान दुखत असतील, तर डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार लवकर करतात.

आधी कानात काय होतं ते बघू. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, पडद्यामागे पाणी आणि पू साठतो आणि पडदा बाहेर फुगतो. तो ताण म्हणजेच ठणका. आडवं झालं की तो वाढतो, म्हणून दिवसभर खेळलेलं मूल रात्री एक वाजता किंचाळत उठतं.

आता महत्त्वाचा भाग. हा ठणका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त असतो आणि त्या चोवीस तासांत अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही. अशा मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की अँटिबायोटिक घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांतल्या साधारण ६० टक्के मुलांचं दुखणं पहिल्या दिवसातच थांबलेलं होतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत औषधाचा थोडा फायदा दिसतो, पण साधारण वीस मुलांना औषध द्यावं तेव्हा एकाचं दुखणं त्यामुळे लवकर थांबतं, आणि दर चौदा मुलांमागे एकाला औषधामुळेच जुलाब, उलट्या किंवा पुरळ असा त्रास होतो. इथल्या डॉक्टरांना मार्गदर्शन देणारी नाइस ही संस्था म्हणूनच सांगते की बहुतेक मुलं साधारण तीन दिवसांत आपोआप बरी होतात, कधी आठवडा लागतो, आणि वेदनाशामक मात्र सगळ्यांना द्यायचं. तुमच्या डॉक्टरबाईंनी तुम्हाला टाळलेलं नाही. रात्रीच्या रडण्यावरचं औषध त्यांनी सांगितलंच आहे, ते पॅरासिटामॉल आहे.

आणि इथेच आपण चुकतो. पॅरासिटामॉल म्हणजे तापाचं औषध, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. ताप नाही, मग कशाला द्यायचं? किंवा मूल रडायला लागलं की अर्धा चमचा. कानाच्या ठणक्याला ते वयाप्रमाणे पूर्ण मात्रेत आणि घड्याळ बघून द्यावं लागतं, ताप असो वा नसो. पहिले एक-दोन दिवस रडण्याची वाट बघू नका.

माझ्या धाकटीचं उदाहरण देते. तेव्हा ती सव्वाचार वर्षांची होती. बुधवारी रात्री साडेनऊला कान दुखतो म्हणाली. घरी लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सस्पेन्शन, म्हणजे पातळ औषध होतं, ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं. चार आणि पाच वर्षांच्या मुलांना त्याचे १० मिली, दोन आणि तीन वर्षांच्यांना साडेसात. खोक्यातल्या सिरिंजने मोजून दिलं. दीड वाजता रडत उठली. चार तास झाले होते, म्हणून दुसरा डोस दिला. दोन डोसांत किमान चार तास आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस, ही मर्यादा मोडायची नाही. फ्रिजवर कागद लावला आणि प्रत्येक वेळ लिहिली, कारण झोपेत असलेल्या दोन माणसांपैकी कुणी काय दिलं हे सकाळी आठवत नाही. पहाटे साडेचारला ती पुन्हा कळवळली. तिसऱ्या पॅरासिटामॉलची वेळ झाली नव्हती, म्हणून दोन घास बिस्किट खायला घालून आयबुप्रोफेन दिलं, ५ मिलीत १०० मिलिग्रॅमचं, तिच्या वयाला साडेसात मिली. ते दिवसातून तीनदाच, सहा-आठ तासांच्या अंतराने. दोन्ही औषधं एकाच वेळी देऊ नका. एकाने भागलं नाही, तरच दुसऱ्याकडे वळा. मुलाला दमा असेल तर आयबुप्रोफेनआधी फार्मासिस्टला विचारा, आणि कांजिण्या असतील किंवा उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर देऊच नका. सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन कधीच नाही.

बाटली बघून मात्रा ठरवा. इथे सहा वर्षांपुढच्या मुलांचं पॅरासिटामॉलचं सस्पेन्शन दुप्पट तीव्र, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असतं. आणि भारतातून आणलेली औषधं कपाटात असतील तर ती आज दिव्याखाली धरून वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आधीच एकत्र असतात. ते दिलं आणि वर इथलं पॅरासिटामॉल दिलं, तर नकळत दुप्पट मात्रा जाते. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं.

गुरुवारी सकाळी आठला सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, फोन केला. रिसेप्शनिस्टला थोडक्यात पण नेमकं सांगा: कधीपासून दुखतंय, ताप किती, काय औषध किती वाजता दिलं, पाणी पितेय का, कानातून काही वाहतंय का. डॉक्टरांनी बघितलं, पडदा लाल आणि फुगलेला होता. त्यांनी अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकचं प्रिस्क्रिप्शन आमच्या फार्मसीकडे पाठवलं आणि सांगितलं, "रविवारपर्यंत उतार पडला नाही, किंवा मधेच बिघडली, तर घ्या." याला इथे बॅकअप किंवा डिलेड प्रिस्क्रिप्शन म्हणतात. निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. तीन दिवस कधीपासून मोजायचे? त्यांच्याकडून वाराचं नाव काढून घ्या. आणि औषध लागलं तर ते नेमकं कुठून उचलायचं, तुमची ती फार्मसी रविवारी उघडी असते का? पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेव्हाच सांगा. मुलांना इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे "घेऊन तर ठेवू" असा मोह होतो. तो टाळा, कारण हे औषध पावडर असतं, फार्मासिस्ट त्यात पाणी मिसळून देतो आणि मग ते थोडेच दिवस टिकतं. आज आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर रविवारी त्याचे काही दिवस आधीच गेलेले असतात.

शुक्रवारी ती कुरकुरत होती, पण रात्री एकदाच उठली. शनिवारी दुपारी स्वतःहून वरण-भात मागितला. रविवारी औषध आणायला जावं लागलं नाही. उतार पडतोय हे कशावरून ओळखायचं? दोन डोसांमधलं अंतर आपोआप वाढतं, मूल खायला मागतं, रात्री सलग झोपतं. कान जरासा भरल्यासारखा वाटत राहतो, त्याची काळजी नको.

आमच्या शेजारच्या मुलाचं वेगळं झालं. तो पाच वर्षांचा. दुसऱ्या रात्री खूप रडला, मग एकदम शांत झोपला आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग. आपण ज्याला कान फुटला म्हणतो ते हेच: ताणाने पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. आईला वाटलं, ऐकू येणं गेलं. ते भोक बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. पण कान वाहत असेल तर अँटिबायोटिकचा फायदा जास्त होतो, म्हणून तिने सर्जरीला कळवलं आणि त्यांनी ठेवलेलं प्रिस्क्रिप्शन लगेच सुरू करायला सांगितलं. कान वाहत असताना पोहणं बंद, आंघोळीत पाणी जाऊ द्यायचं नाही, कापूस आत कोंबायचा नाही.

यावरूनच तेलाचं सांगते. गावाहून आजी फोनवर सांगतात, "अगं, लसणाचं कोमट तेल घाल दोन थेंब." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण पडद्याला भोक आहे की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, आणि तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरलाही पडदा दिसत नाही. आजींना कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानावर बाहेरून धरायला सांगितलं आहे असं सांगा. त्याने मुलांना खरंच बरं वाटतं.

अपॉइंटमेंट मिळत नसेल तर फार्मसीत जा. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये फार्मसी फर्स्ट ही सोय आहे. एक ते सतरा वर्षांच्या मुलांचा कान फार्मासिस्ट तपासतो आणि गरज असेल तर वेदना कमी करणारे थेंब किंवा अमॉक्सिसिलिनही देतो. कान वारंवार बिघडत असेल तर मात्र तो जीपीकडे पाठवेल. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये व्यवस्था वेगळी आहे.

तीन दिवस थांबायचं, याचा अर्थ काहीही झालं तरी थांबायचं असा नाही. कानामागचं हाड सुजलं, लाल झालं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा मूल चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल तर १११ ला फोन करा. मान ताठ झाली, मूल जागंच होत नाही, काचेचा ग्लास दाबूनही न जाणारं पुरळ आलं, तर थेट ९९९. कानामागचं हाड सुजणं फार क्वचित होतं, अँटिबायोटिक आधी दिलं तरी किंवा नाही दिलं तरी, पण ते ओळखायला पाच सेकंद लागतात. दोन्ही कान मागून बघून तुलना करा. माझ्या धाकटीच्या वेळी मी हे रोज सकाळ-संध्याकाळ करत होते.

ताप नसेल आणि मूल खेळत असेल, तर शाळेत पाठवायला हरकत नाही. फक्त शिक्षिकेला सांगा की काही आठवडे त्या कानाने कमी ऐकू येईल, कारण पडद्यामागचं पाणी हळूहळू ओसरतं. हाक मारून वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल आणि तीन महिन्यांनंतरही तसंच असेल, तर जीपीकडून कान तपासून घ्या.