फोटोवरून फायकस बोन्सायची तब्येत कशी ओळखावी

ओळखीतली माणसं मला त्यांच्या बोन्सायचे फोटो पाठवतात, सोबत प्रश्न एकच: "पानं पिवळी पडलीत, कोणतं खत घालू?" नुसत्या एका फोटोवर खताचं नाव सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

आधी फोटो नीट मागवा. सकाळच्या उजेडात, सावलीत काढलेला, कॅमेरा खोडाच्या मध्यावर धरून. वरून काढला तर खोड बुटकं दिसतं. दुसरा फोटो पानांचा जवळून, मागे कोरा पांढरा कागद धरून. कागद फोटोत पिवळट दिसला तर पानाच्या पिवळेपणावरही विश्वास ठेवू नका. तिसरा कुंडीच्या कडेचा आणि मातीचा.

आता खरी अडचण: पिवळं पान फांदीवर कुठे आहे? मी इथेच फसलो होतो. भर पावसाळ्यात माझ्या फायकसची खालची पानं पिवळी पडून गळत होती. भूक लागली असेल म्हणून खत घातलं. प्रत्यक्षात माती दिवसेंदिवस ओली राहून मुळं कुजत होती, आणि खताने ती आणखी जळली. झाड गेलं. तेव्हापासून मातीचा फोटो पाहिल्याशिवाय मी काहीही सांगत नाही. खालची, जुनी पानं पिवळी आणि माती काळपट ओली, तर पाणी थांबवून मुळं बघायला सांगतो. माती व्यवस्थित सुकत असेल आणि जुनी पानं एकसारखी फिकट होत असतील, तरच खताचा विचार.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे मात्र वेगळंच दुखणं. एका मैत्रिणीच्या झाडाचं असंच होतं. जुनी पानं गर्द हिरवी, नवी फिकट, आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर. विचारल्यावर कळलं, पाणी बोअरवेलचं. क्षारांमुळे मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नव्हतं. तिला चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येणारं, लोह पाकिटावरच्या प्रमाणात फवारायला आणि साठवलेलं पावसाचं पाणी घालायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याच जागेवरून काढलेल्या फोटोत नवी पालवी हिरवी होती. अशा वेळी आधीच पिवळ्या पडलेल्या पानांकडे बघू नका, नंतर फुटलेली पानं बघा.

पान शिरेवर शेंगेसारखं दुमडलेलं आणि त्यावर लालसर ठिपके असतील, तर ते थ्रिप्स नावाचे बारीक किडे. दुमडलेली पानं तोडून टाका.

आकारासाठी समोरचा फोटो कृष्णधवल करा. शेंडा दाट आणि खालच्या फांद्या विरळ दिसल्या तर वरून छाटा, खाली हात लावू नका. फांदीला वळण द्यायला गुंडाळलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंनी साल फुगलेली दिसली तर तार आजच कापा. उलगडायला जाऊ नका, साल सोलली जाते.

निष्पर्ण फांदी जिवंत आहे का, हे फोटोत कळत नाही. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती ठेवायची.