एडीएक्स कसा वाचावा: भाव कुठे चाललाय ते नव्हे, किती जोरात चाललाय ते

ट्रेंडचा जोर मोजणाऱ्या एडीएक्सची रेघ चढतेय म्हणजे शेअर चढतोय, असं समजून मी एकदा पडत्या शेअरमध्ये पैसे घातले. एडीएक्स ३८ होता. खालच्या दिशेचा जोर दाखवणारी मायनस डीआयची रेघ वरच्या दिशेचा जोर दाखवणाऱ्या प्लस डीआयच्या कितीतरी वर होती, पण तिकडे मी पाहिलंच नाही. एडीएक्स खरंच सांगत होता की ट्रेंड जोरदार आहे, फक्त तो ट्रेंड खालच्या दिशेचा होता.

म्हणून सुरुवात चार्टपासूनच करा. ट्रेडिंगव्ह्यूवर इंडिकेटरच्या यादीत `Directional Movement Index` शोधा. त्यात तिन्ही रेघा एकत्र मिळतात. `Average Directional Index` नावाचं दुसरं इंडिकेटर फक्त एडीएक्स दाखवतं, म्हणजे दिशा कळायची सोयच राहत नाही. `DI Length` आणि `ADX Smoothing` दोन्ही १४ ठेवा. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये हे मोजमाप मांडलं, तेव्हापासून १४ हाच रूढ आकडा आहे. कोणत्या रंगाची रेघ कोणती, हे सेटिंगमध्ये एकदा नीट बघून घ्या. लाल म्हणजे मंदी असं गृहीत धरू नका.

आता एका दिवसाचा हिशेब करून बघू. समजा, शेअरचा कालचा हाय ५०६, लो ४९८ आणि क्लोज ५०० होता. आज हाय ५१२ आणि लो ५०१ झाला. हाय ६ रुपयांनी वर सरकला आणि लो कालच्या खाली गेलाच नाही. म्हणून आजची प्लस हालचाल ६, मायनस शून्य. दोन्हीकडे हालचाल झाली असती तर मोठी तेवढी धरायची, लहान सोडून द्यायची. दिवसाची खरी रेंज मोजताना कालचा क्लोजही धरतात, म्हणून ती ५१२ वजा ५००, म्हणजे १२ रुपये. अशा हालचालींची १४ दिवसांची सरासरी रेंजच्या सरासरीने भागून शंभराने गुणली की प्लस डीआय आणि मायनस डीआय मिळतात.

या दोन्हींतून डीएक्स काढतात:

```
DX = 100 × |(+DI) − (−DI)| / ((+DI) + (−DI))
```

प्लस ३० आणि मायनस १० असेल, तर फरक २०, बेरीज ४०, डीएक्स ५०. आता आकडे उलटे करा: प्लस १०, मायनस ३०. डीएक्स पुन्हा ५०च! सूत्रातल्या त्या दोन उभ्या रेघांमुळे फरकाचं चिन्ह गळून पडतं आणि त्याच्यासोबत दिशाही जाते. एडीएक्स ही या डीएक्सची सरासरी, त्यामुळे तेजी आणि मंदी यांत तो भेद करूच शकत नाही.

वाचताना मी आधी एडीएक्स बघतो. तो २० च्या खाली असेल, तर प्लस-मायनस रेघा एकमेकींना कापत असल्या तरी मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. साइडवेज बाजारात त्या सारख्याच कापतात आणि प्रत्येक वेळी सौदा केला तर ब्रोकरेज तेवढं जातं. एडीएक्स २५ च्या वर असेल आणि चढत असेल, तर मगच वरची रेघ कोणती ते बघून दिशा ठरवतो.

मात्र २५ ची वाट बघण्यात उशीर होतो. एडीएक्स १८ वर आहे आणि डीएक्स एकदम ५० झाला, तर सरासरीत कालच्या एडीएक्सचे १३ भाग आणि आजच्या डीएक्सचा एकच भाग धरला जातो: १८ गुणिले १३, त्यात ५० मिळवून सगळ्याला १४ ने भागलं, की आजचा एडीएक्स जेमतेम २०.३ होतो. डीएक्स रोज ५० राहिला तरी २५ ओलांडायला चौथा दिवस उजाडतो. तोवर ट्रेंडचा थोडा भाग निघून गेलेला असतो, हे धरूनच चालावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एडीएक्स उतरू लागल्यावर. निफ्टीचा २०२० चा दैनिक चार्ट उघडा. मार्चच्या पडझडीत निर्देशांक कोसळत असताना एडीएक्स चढत गेला. २३ मार्चला निफ्टी ७६१० वर बंद झाला, आणि एप्रिलअखेर ९८०० च्या वर होता. या चढत्या काळात एडीएक्स खाली येत होता, कारण मायनस डीआय विरत होती, प्लस तिच्या जवळ येत होती, दोघींमधलं अंतर घटत होतं. उतरता एडीएक्स सांगत होता ते पडझडीचा जोर ओसरल्याचं. भाव पडणार असं त्यात काहीच नव्हतं.

आणि मायनस डीआय एका दिवसात अचानक उसळलेली दिसली, तर आधी बोनस किंवा स्प्लिटची तारीख तपासा. भाव समायोजित केलेले नसतील, तर १००० चा शेअर ५०० ला आला की सूत्राला ती निम्म्याने पडझडच वाटते. ती खोटी मंदी सरासरीत मुरते आणि पुढचे कित्येक दिवस एडीएक्स फुगलेला दिसतो. अशा वेळी समायोजित भावांचा चार्ट लावून तिन्ही रेघा पुन्हा बघा.