रेघ खाली गेली, पण परत वर आली

आमच्या नाशिकच्या द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीच्या व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ बघितला, म्हणजे कोणत्या क्षणाला किती लोक बघत होते ते दाखवणारी रेघ. ०:४० ला रेघ खाली गेली आणि १:३० ला पुन्हा वर आली. म्हणजे लोक सोडून गेले नव्हते, मधली ड्रोनची दृश्यं पुढे सरकवून थेट छाटणीवर आले होते. गेले असते तर रेघ खालीच राहिली असती.

पुढे काडीवरचे डोळे, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या जागा, मोजताना रेघेला उंचवटा होता: तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिलेला. आवडला म्हणून की कळला नाही म्हणून, हे ग्राफ सांगत नाही. तुकडा लावून बघितला, तर डोळ्यांवर हात आडवा येत होता.

एप्रिलच्या खरड छाटणीच्या व्हिडिओत ड्रोन कापला. डोळे मोजणं पहिल्याच मिनिटात घेतलं, जवळून आणि सावकाश. शेवटाकडचा संथ उतार मात्र सोडून दिला, तो बहुतेक व्हिडिओंना असतोच.