मराठी टीटीएसला नोटीस वाचायला देताय? आकडे, तारखा आणि ‘ता.’ ‘वा.’ लिहिताना या चुका टाळा

हल्ली बऱ्याच ग्रामपंचायती, सोसायट्या, शाळा नोटीस टाईप करतात, टेक्स्ट टू स्पीच म्हणजे टीटीएसच्या आवाजात ऑडिओ बनवतात आणि तो व्हॉट्सॲपवर नाहीतर भोंग्यावर लावतात. आवाज आता खरंच चांगले आलेत, वाक्यं छान वाचतात. गडबड होते ती आकडा, तारीख, रुपये आणि टिंब दिलेली छोटी रूपं आली की, आणि नोटिशीत नेमकं तेच कामाचं असतं. बाकी सगळं कळलं आणि वेळ कळली नाही तर उपयोग काय?

एक नमुना घेऊया, कागदावर अशी नोटीस अगदी नॉर्मल वाटते:

‘ग्रा.पं. कार्यालय, ता. जुन्नर, जि. पुणे. दि. ०१/०५/२०२६ रोजी स. १०.३० वा. ग्रामसभा होईल. वार्षिक पाणीपट्टी रु. १,२५०/- ता. ३१ मे पर्यंत भरावी. ७/१२ व ८अ उतारे आणावेत.’

डोळ्याने वाचणाऱ्याला यात काहीच अडत नाही. पण मशीनच्या जागी बसून बघा, यात किती ठिकाणी अंदाज बांधावा लागतो ते.

तारीख तिरप्या रेघांत ठेवणं

०१/०५ म्हणजे आपल्याकडे एक मे. पण ज्या सिस्टीमची सवय महिना आधी लिहायची आहे ती याला पाच जानेवारी म्हणू शकते, आणि हे जास्त धोक्याचं आहे कारण ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही, तारीख ऐकायला अगदी व्यवस्थित वाटते. ‘शून्य एक स्लॅश शून्य पाच’ असं वाचलं तर निदान कळतं तरी की काहीतरी बिघडलंय. म्हणून महिना कायम नावाने लिहा, आणि जमलं तर वार पण टाका: ‘शुक्रवारी, एक मे रोजी’. वारामुळे ऐकणाऱ्याला तारीख पडताळता येते. जवळच्या कार्यक्रमाला वर्ष सांगायची गरज नसते, बोलताना आपण सांगतो का?

वर्ष सांगायचंच असेल तर ते पण अक्षरांत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं हे आपण ‘एकोणीसशे साठ साली’ असं म्हणतो, पण तोच आकडा रक्कम असेल तर ‘एक हजार नऊशे साठ रुपये’. आकडा तोच, वाचायची पद्धत वेगळी, आणि कुठली घ्यायची हे मशीनला पुढच्या शब्दावरून ओळखावं लागतं. २०२६ ला मात्र ‘दोन हजार सव्वीस’, तिथे ‘वीसशे सव्वीस’ कोणी म्हणत नाही.

वेळेत टिंब देणं

‘१०.३० वा.’ यातलं टिंब मशीनला दशांश चिन्ह वाटू शकतं, मग ‘दहा पॉइंट तीन शून्य’ ऐकू येतं. टिंबाऐवजी कोलन टाकलात तरी ‘दहा वाजून तीस मिनिटं’ येईल, जे चूक नाही पण रेल्वे स्टेशनच्या अनाउन्समेंटसारखं वाटतं. गावात माणूस साडेदहाच म्हणतो. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच ही आपल्या वेळेची खरी भाषा आहे आणि ती मशीनवर सोडू नका, स्वतः लिहा: सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. इथे दोन गोष्टी सांभाळा. १.३० म्हणजे ‘दीड’ आणि २.३० म्हणजे ‘अडीच’, ‘साडेएक’ ‘साडेदोन’ नाही, कोणी प्रोग्राम लिहून हे आपोआप करत असेल तर हमखास इथे चुकतं. आणि पावणे पुढच्या तासाला लागतं, ९.४५ म्हणजे पावणेदहा, म्हणजे तासात एक मिळवायचा.

‘वा.’ चं वेगळंच दुखणं आहे. ‘१० वा.’ म्हणजे दहा वाजता की दहावा? टिंब गाळलं गेलं की फरक संपलाच. म्हणून सरळ ‘वाजता’ लिहा आणि क्रम सांगायचा असेल तिथे ‘दहावा’ एका शब्दात. ‘१ली’, ‘२री’, ‘४थी’ पण असंच, पहिली, दुसरी, चौथी लिहा, नाहीतर ‘एक ली’ ऐकायची तयारी ठेवा. ‘स.’ आणि ‘सायं.’ ऐवजी सकाळी, संध्याकाळी.

रुपयाचं चिन्ह पुढे आणि प्रत्यय अधांतरी

‘रु. १,२५०/-’ यात तीन अडचणी आहेत. ‘रु.’ नंतरच्या टिंबाला मशीन वाक्य संपलं समजून थांबू शकतं. स्वल्पविरामामुळे ‘एक, दोनशे पन्नास’ असा तुकडा पडू शकतो. आणि शेवटचं ‘/-’ कागदावर कोणी पुढे आकडा वाढवू नये म्हणून असतं, आवाजात त्याचं काहीच काम नाही, ते काढूनच टाका.

मग लिहायचं काय? बोलीत १,२५० ला साडेबाराशे म्हणतात आणि घोषणेत ते कानाला बरं वाटतं. पण माणसाने जी रक्कम खिशातून काढायची आहे ती मी एकदा पूर्ण सांगतो: ‘साडेबाराशे, म्हणजे एक हजार दोनशे पन्नास रुपये’. भोंग्यावर वाऱ्यात अर्धा शब्द उडतो, दुसऱ्यांदा सांगितलेलं पकडता येतं.

रुपये हा शब्द आकड्यानंतर येतो हे लक्षात ठेवा, चिन्ह पुढे असतं म्हणून ‘रुपये पाचशे’ नको. आणि मराठीत खरी मेख प्रत्ययाची आहे. ‘₹५००ला मिळेल’ हे चिन्ह उघडून लिहिलं तर ‘पाचशे रुपयेला’ होईल, आपण म्हणतो ‘पाचशे रुपयांना’. एकालाच ‘एक रुपया’, ‘एक रुपये’ नाही. चिन्ह उघडलं की त्याच्या मागचा शब्द पण बदलतो, म्हणून नुसतं चिन्हाच्या जागी शब्द बसवून भागत नाही, वाक्य परत लिहावं लागतं. मोठ्या रकमेत ‘₹२.५ कोटी’ ला ‘अडीच कोटी रुपये’ लिहा.

‘ता.’ एकदा तालुका, एकदा तारीख

वरच्या नोटिशीत ‘ता.’ दोनदा आलाय, पहिला तालुका, दुसरा तारीख. माणूस गावाच्या नावावरून ओळखतो, मशीनची खात्री नाही. सगळी टिंबवाली रूपं हाताने उघडा.

हे काम वाढलं की लोक शोधा-आणि-बदला वापरतात आणि इथे मराठीत फार वाईट खड्डा आहे. ‘ता.’ च्या जागी ‘तालुका’ असं सगळीकडे बदललं की ‘कार्यक्रम काल होता.’ याचं ‘कार्यक्रम काल होतालुका’ होतं, आणि ‘रु.’ बदललं की ‘गुरु.’ चं ‘गुरुपये’. पायथन जाणणारे म्हणतील की मग शब्दाची हद्द दाखवणारं `\b` लावा. लावून बघा:

```python
import re
re.sub(r"\bता\.", "तालुका", "कार्यक्रम काल होता.")
# 'कार्यक्रम काल होतालुका'
```

तरी तेच! कारण पायथनच्या `re` मध्ये काना, मात्रा, वेलांटी ही शब्दातली अक्षरं धरली जात नाहीत, त्यामुळे ‘हो’ ची मात्रा संपली की तिथेच नवा शब्द सुरू झाला असं त्याला वाटतं. इंग्रजी मजकुरात चालणारी युक्ती देवनागरीत फसते ती अशी. त्याऐवजी ‘आधी मोकळी जागा किंवा ओळीची सुरुवात असेल तरच’ अशी अट घाला:

```python
re.sub(r"(?<!\S)ता\.\s*", "तालुका ", text)
```

याने ‘होता.’ शाबूत राहतं, पण कंसाला चिकटलेला ‘(ता.’ सुटतो आणि तारीखवाला ‘ता.’ तरी ओळखला जात नाहीच, तो आधी वेगळा काढा, म्हणजे पुढे आकडा असेल तर तारीख. क्रम पण महत्त्वाचा: आधी तारखा, मग वेळा, मग रकमा, आणि सुटे आकडे सगळ्यात शेवटी. सुटे आकडे आधी बदलले की ‘१०.३०’ चं ‘दहा.तीस’ होऊन बसतं आणि मग ती वेळ होती हे कोणालाच कळत नाही.

७/१२

हा सातबारा. सात भागिले बारा नाही, सात डिसेंबर नाही. ८अ म्हणजे ‘आठ अ’, मध्ये मोकळी जागा ठेवून. स्क्रीनवर ‘७/१२’ च दिसायला हवं आणि आवाजात सातबारा यायला हवं असं असेल, आणि तुमची सिस्टीम एसएसएमएल, म्हणजे उच्चार कसा करायचा ते सांगणारे टॅग, घेत असेल, तर:

```xml
<sub alias="सातबारा">७/१२</sub>
```

नाहीतर साधं ‘सातबारा’ लिहा, सगळ्यांना कळतं. नंबरांचं थोडक्यात: मोबाईल नंबर एकेक अंक सुटा, मध्ये स्वल्पविराम देऊन, म्हणजे लिहून घ्यायला वेळ मिळतो. १०८ सारखा नंबर मात्र लोक ज्या नावाने ओळखतात तसाच, ‘एकशे आठ’.

आवाजच हिंदी निघणं

देवनागरी अंक हिंदीतही तेच. भाषा `mr-IN`, म्हणजे मराठी, निवडलेली नसेल तर ५९ चं ‘उनसठ’ होतं आणि बाकी वाक्य मराठी, असं विचित्र मिश्रण ऐकू येतं. आधी भाषा तपासा. पण ‘एकोणसाठ’ असं अक्षरांत लिहिलं असेल तर निदान आकडा तरी बदलत नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर भोंग्यावर ऐकताना लोक गोंधळतात, तिथे ‘पाच नऊ, एकोणसाठ’ असं दोन्ही सांगा.

आता ती नोटीस ऐकण्यासाठी अशी होईल:

‘जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. ग्रामपंचायत कार्यालयाकडून सूचना. शुक्रवारी, एक मे रोजी, सकाळी साडेदहा वाजता ग्रामसभा होईल. वर्षाची पाणीपट्टी साडेबाराशे, म्हणजे एक हजार दोनशे पन्नास रुपये, एकतीस मे पर्यंत भरावी. येताना सातबारा आणि आठ अ उतारे आणावेत.’

तपासायचं असेल तर स्वतः कागद समोर ठेवून ऐकू नका, डोळा आधीच उत्तर सांगतो. ज्याने नोटीस वाचलेली नाही अशा कोणालातरी ऑडिओ एकदाच ऐकवा आणि वार, तारीख, वेळ, रक्कम लिहून द्यायला सांगा, जिथे तो थांबेल किंवा ‘परत लाव’ म्हणेल तेवढंच वाक्य दुरुस्त करा. आणि ऐकण्याची फाईल वेगळीच ठेवा, नोटीस बोर्डावर लावायच्या प्रतीत ०१/०५/२०२६ आणि रु. १,२५०/- तसंच राहू द्या, कागदावर तेच बरोबर आहे.