पुराच्या मदतीचा शासन निर्णय हातात आल्यावर आधी काय बघायचं

मोबाइलवर फिरणाऱ्या कागदात "हेक्टरी" शब्दापुढचा आकडा सगळे वाचतात. त्याआधी कागद कशाचा आहे ते बघा. दर ठरवणारा शासन निर्णय वेगळा आणि निधी वितरणाचा वेगळा. दुसऱ्यात जिल्हानिहाय शेतकरी संख्या, बाधित क्षेत्र आणि रक्कम लाखांत असते. त्या रकमेला शेतकऱ्यांच्या संख्येने भागून आपला हिस्सा निघत नाही.

दर कोणता लागू, हे "वाचा" या मथळ्याखालच्या यादीत सापडतं. १ जानेवारी २०२४ च्या निर्णयात जिरायतीला १३,६०० रुपये आणि तीन हेक्टरची मर्यादा होती. ३० मे २०२५ च्या निर्णयाने, खरीप २०२५ पासून, जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० आणि मर्यादा दोन हेक्टर झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर केली गेली. म्हणून जुना कागद दाखवून तलाठ्याशी वाद घालण्याआधी तारीख बघा, आणि आपलं नुकसान कोणत्या कालावधीतलं आहे तेही. कागद खरा की बनावट, हे शेवटच्या पानावरच्या संकेतांकावरून www.maharashtra.gov.in वर तपासता येतं.

आता हिशेब. तीन एकर सोयाबीन आणि एक एकर कापूस, दोन्हींचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर. एक एकर म्हणजे साधारण ०.४० हेक्टर. सोयाबीन जिरायत: १.२० गुणिले ८,५०० म्हणजे १०,२००. कापसाला विहिरीचं पाणी आहे, म्हणून ०.४० गुणिले १७,००० म्हणजे ६,८००. एकूण १७,००० रुपये. पण ई-पीक पाहणीत कापूस "अजलसिंचित" नोंदला गेला असेल, तर त्याचे ३,४०० च धरले जाण्याची भीती असते आणि एकूण १३,६०० वर येतं. रक्कम कमी आली की लोक दराला दोष देतात. चूक बहुधा याच रकान्यात असते.

मदत पंचनाम्यातल्या बाधित क्षेत्रावर मिळते, सातबारावरच्या पूर्ण क्षेत्रावर नाही. त्यामुळे पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी गट क्रमांक, पीक आणि आर वाचून घ्या, ०.८० च्या जागी ०.०८ पडलेलं नंतर दुरुस्त करायला महिने जातात. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल किंवा जमीन खरडून गेली असेल, तर ती नोंद पिकापासून वेगळी करून घ्या. तिचे दर वेगळे आहेत, आणि ते अल्प व अत्यल्पभूधारकांनाच लागू होतात.

यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते; ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना मात्र २०२५ मध्ये यातून सूट दिली गेली. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणजे कधीकधी तुम्ही विसरलेल्या जुन्या खात्यात. बँकेने ते कर्जात वळते केले, तर निधी वितरणाच्या निर्णयात अशी वसुली करू नये असं सांगणारा परिच्छेद शोधा आणि त्यावर खूण करून, लेखी अर्जासोबत शाखेत द्या. पोच घ्यायला विसरू नका.